गरम पाण्याची धार जाते कुठे?

शहरातल्या चार मजली इमारतीचा सर्वांत वरचा मजला. गच्चीवर सोलर आहे, आकाश निरभ्र आहे, म्हणजे टाकीतले पाणी 60 अंशांच्या घरात आहे. न्हाणीघरात गरमाची चावी उघडली की शॉवरमधून वाफाळलेली धार येते. मात्र अंगाला सोसेल एवढे करण्यासाठी थंडाची चावी उघडली, की गरम पाणी जणू गायब होते. धार जोरात पडत राहते, पण ती गारढोण. थंड कमी करत गेले तर एका जागी क्षणभर कोमट पाणी मिळते आणि चावी केसभर सरकली की तेही जाते. गंमत म्हणजे पूर्वी असे होत नव्हते. शॉवरची धार बारीक आहे म्हणून थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवला आणि तेव्हापासून हा त्रास सुरू झाला.

अशा वेळी संशय जातो सोलरवर, नाहीतर मिक्सरवर. मिक्सर बदलला जातो आणि नव्यातही तेच घडते. कारण दोष नळात नसून त्याच्या दोन बाजूंना येणाऱ्या पाण्याच्या असमान जोरात असतो.

मिक्सर म्हणजे दोन नळ आणि त्यांना जोडणारी एक लहानशी पोकळी. गरम आणि थंड पाणी आपापल्या वाटेने या पोकळीत येते, तिथे मिसळते आणि एकाच तोंडातून बाहेर पडते. पाणी नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. त्यामुळे गरम पाणी पोकळीत शिरण्यासाठी त्याचा दाब पोकळीतल्या दाबापेक्षा जास्त असावा लागतो. गरम पाण्याला किती जोर आहे एवढाच प्रश्न नसतो. पोकळीत आधीच किती दाब तयार झाला आहे, हाही असतो. तो दाब थंड पाणी ठरवू लागले की गरमाची वाट अडते.

आता या घराचा हिशेब मांडू. दाब मोजण्याची सोपी रीत म्हणजे पाण्याची उंची. 10 मीटर उंचीचे पाणी साधारण 1 किलो दाब देते, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर 1 किलो. प्लंबर ‘दीड किलो प्रेशर’ म्हणतो तेव्हा ते 15 मीटर पाण्याइतके असते. गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी शॉवरच्या जाळीपासून 3 मीटर वर आहे. हीच टाकी सोलरलाही पाणी पुरवते, म्हणून गरम पाण्याला 3 मीटरचाच जोर मिळतो. पंप नव्हता तेव्हा थंडालाही तेवढाच मिळत होता. धार बारीक होती, पण दोन्ही बाजू बरोबरीच्या होत्या. पंपाने एकट्या थंड पाण्याला आणखी 12 मीटरचा जोर दिला. आता एका बाजूला 3 आणि दुसऱ्या बाजूला 15.

पाण्याच्या वाटेतला अडथळा सगळीकडे सारखा धरू. म्हणजे पूर्ण उघडलेली गरमाची वाट, थंडाची वाट आणि शॉवरची जाळी पाण्याला सारख्याच प्रमाणात अडवतात. फक्त थंड सोडले तर त्याचा निम्मा दाब पोकळीत पोचेपर्यंत खर्च होतो आणि उरलेला निम्मा जाळीतून बाहेर पडताना. म्हणजे पोकळीत साडेसात मीटरचा दाब असतो. गरम पाण्याकडे आहे फक्त 3 मीटर. साडेसात मीटरच्या पोकळीत ते शिरणार कसे?

ते शिरत नाहीच. उलट गरमाची चावीही उघडी असेल आणि त्या लाइनवर पाणी परतू न देणारी झडप, म्हणजे एनआरव्ही, नसेल, तर थंड पाणी गरमाच्या पाइपात घुसते आणि उलटे वर चढू लागते. अशा वेळी पोकळीतला दाब साडेसातवरून साडेचारच्या खाली येतो, पण 3 मीटरपेक्षा तो जास्तच राहतो. एक वाट 3 मीटर दाबाला मिनिटाला साडेआठ-नऊ लिटर पाणी जाऊ देत असेल, तर या हिशेबात मिनिटाला पाच-सहा लिटर थंड पाणी सोलरच्या टाकीकडे परत जाते.

त्याची खूण गच्चीवर दिसते. साध्या, म्हणजे दाब न पेलणाऱ्या सोलरच्या टाकीला हवेसाठी एक उघडा व्हेंट पाइप असतो. खालून ढकलले गेलेले पाणी जागा करण्यासाठी तिथून बाहेर सांडते, नाहीतर सोलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत परत जाते. त्यामुळे कोणी अंघोळ करत असताना व्हेंटमधून पाणी गळू लागते आणि दिवसभर तापलेले पाणी दुपारीच कोमट झालेले आढळते. हँड शॉवरची कळ मुठीतच बंद केली आणि भिंतीवरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहिल्या, तर हे आणखी वाढते. पाण्याला बाहेर जायला वाट नसल्याने थंड पाणी सारेच्या सारे गरमाच्या पाइपात शिरते आणि नळातून थेंबही पडत नसताना पंप सुरूच राहतो.

व्हेंटमधून पाणी गळते म्हणून काही जण त्याला बूच मारतात. ही मोठी चूक आहे. साधी टाकी दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. व्हेंट बंद झाला की पंपाचा सगळा दाब टाकीवर येतो आणि ती फुगून फुटू शकते. उलट टाकी रिकामी होताना हवा आत शिरली नाही तर ती पिचकूही शकते. गळणारा व्हेंट आजार सांगत असतो. त्यालाच बंद करून आजार जात नाही.

दोष खरोखर दाबातल्या फरकाचाच आहे का, हे पाना-पक्कड न घेता पडताळता येते. थंडाची चावी पूर्ण बंद करून फक्त गरम सोडावे. धार ठीक असेल आणि थंड उघडताच गरम दबत असेल, तर दोष दाबाचा. वरच्या हिशेबात एकटे गरम पाणी मिनिटाला सहा लिटर येते, एकटे थंड जवळपास चौदा, आणि दोन्ही उघडले की गरम शून्य. मात्र एकटे सोडूनही गरमाची धार बारीकच असेल, तर वाट कुठेतरी बुजलेली आहे: जड पाण्याचा क्षार पाइपात साचला असेल, जाळीत कचरा असेल किंवा अँगल कॉक अर्धवट उघडा असेल. दुसरी परीक्षा हाताची. थंड सोडल्यावर गरमाचा उघडा पाइप चाचपून पाहावा. तो गार पडत चालला असेल, तर पाणी उलटे जात आहे.

मग कोमट पाणी मिळते ती एक जागा कोणती? निम्मे गरम आणि निम्मे थंड हवे असेल, तर या घरात थंडाची वाट जेमतेम एक पंचमांश उघडावी लागते. तेव्हा 60 अंशांचे गरम आणि 25 अंशांचे थंड मिळून साडेबेचाळीस अंशांचे पाणी येते. शॉवरची धार मिनिटाला पावणेआठ लिटरची होते, म्हणजे पंप नसताना दोन्ही चाव्या पूर्ण उघडून मिळत होती तेवढीच. पंपाचा जवळपास सगळा जोर त्या चिंचोळ्या फटीत जिरतो. चावी केसभर फिरली की सगळे बिघडते ते यामुळेच.

इथवर प्रश्न गैरसोयीचा आहे. तो धोक्याचा होतो वीज गेल्यावर. थंडाची चावी एक पंचमांश उघडी आहे, गरमाची पूर्ण, आणि पंप थांबला. थंडाचा जोर 15 वरून 3 वर येतो. दोन्हीकडे आता समान दाब, पण गरमाची वाट पाचपट रुंद. काही क्षणांत अंगावर पडणाऱ्या पाण्यात सहा भागांतले पाच भाग गरम असतात आणि तापमान साडेबेचाळीसवरून 54 अंशांच्या आसपास जाते. उन्हाळ्यात सोलरचे पाणी 70 अंशांवर असेल तर ते 62 अंशांवर पोचते.

हार्वर्डमधले मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की 49 अंशांच्या पाण्याने त्वचा खोलवर भाजायला नऊ-दहा मिनिटे लागतात, तर 60 अंशांच्या पाण्याला पाच सेकंद पुरतात. धडधाकट माणूस चटका बसताच बाजूला होतो. पण स्टुलावर बसून अंघोळ करणारी आजी, लहान मूल किंवा मधुमेहाने पायांची संवेदना गेलेला माणूस तेवढ्या वेळात हलू शकत नाही. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची त्वचा पातळ असल्याने ती भाजतेही लवकर.

उपाय करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: पाणी उलटे जाणे आणि दाब असमान असणे. गरमाच्या लाइनवर एनआरव्ही बसवला तर उलटे जाणे थांबते, पण गरमाचा जोर वाढत नाही. स्प्रिंगचा एनआरव्ही असेल तर तो उघडण्यातच 3 मीटरमधला काही भाग खर्च होतो. थंडाचा अँगल कॉक आवळला तर पाणी वाहत असताना समतोल जमतो. वाहणे थांबले की पलीकडे पुन्हा पूर्ण दाब चढतो. वीज गेल्यावरचा चटकाही यातल्या कशानेच टळत नाही.

खरा उपाय म्हणजे मिक्सरच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब देणे. सर्वांत स्वस्त मार्ग, न्हाणीघरातल्या मिक्सरचे थंड पाणी पंप वगळून थेट त्याच टाकीतून घेणे आणि पंप इतर नळांसाठी ठेवणे. धार बारीक राहील, पण वीज असो-नसो, पाणी स्थिर राहील. धारही जोरात हवी असेल तर गरमाच्या लाइनवरही, सोलरच्या टाकीनंतर, तेवढ्याच जोराचा आणि गरम पाणी सोसणारा पंप लागतो. म्हणजे वीज गेली की दोन्ही बाजू एकदमच मंदावतात. साध्या सोलरच्या आधी मात्र पंप कधीही जोडू नये. त्याचा दाब टाकीवरच येतो.

हे बदल होईपर्यंत घरात एक सवय पुरते. अंघोळीचे पाणी मिक्सरमधून थेट अंगावर न घेता बादलीत काढावे, आधी थंड आणि मग गरम, आणि कोपर बुडवून पाहावे. बादलीतल्या पाण्याचे तापमान वीज गेल्याने बदलत नाही.