बेअर अ‍ॅक्टमधलं कलम वेळेत सापडावं कसं

समजा, प्रश्न असा आहे : चेक न वटता परत आला, नोटीस दिली, ती मिळूनही चेक देणाऱ्याने पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत. आता तक्रार किती दिवसांत दाखल करायला हवी? कायद्याचं शिक्षण घेतलेल्या कुणालाही परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 138 तोंडपाठ असतं. हात आपोआप त्या पानावर जातो. तिथे तीस दिवसांत नोटीस द्यायची हे सापडतं, पंधरा दिवसांची मुदतही सापडते. पण तक्रारीची मुदत काही सापडत नाही. परीक्षार्थी ते लांबलचक कलम पुन्हा वाचतो, परंतुकं पुन्हा चाळतो, आणि तीन-चार मिनिटं हातची जातात.

उत्तर आहे कलम 142 मध्ये. पंधरा दिवस संपून तक्रारीचं कारण उद्भवलं की तिथून एक महिना. पण त्या कलमाचा मथळा आहे ‘अपराधांची दखल’. त्यात ना चेक आहे, ना मुदत. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवणाऱ्याला हे कलम उघडून बघावंसं वाटण्याचं काहीच कारण नाही. पुस्तक समोर उघडं असूनही उत्तर हाती लागत नाही ते यामुळे.

बार कौन्सिल ऑफ इंडिया 2011 पासून वकिलांसाठी अखिल भारतीय बार परीक्षा घेते. ती पुस्तक उघडून द्यायची परीक्षा आहे. पुस्तक मात्र बेअर अ‍ॅक्टच हवं, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर. टीपा नाहीत, भाष्य नाही, गाइड नाही. शंभर बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही आणि अलीकडच्या परीक्षांत वेळ तीन तास. हिशेब केला तर एका प्रश्नाला एकशे आठ सेकंद येतात. त्यात प्रश्न वाचायचा, पर्याय तपासायचे आणि उत्तरपत्रिकेवर गोल भरायचा. पुस्तकात शोधायला जेमतेम मिनिटभर उरतं. प्रश्नपत्रिका मराठीतूनही सोडवता येते.

आपल्याकडचे बहुतेक परीक्षार्थी तयारी म्हणून पुस्तकाला रंगीबेरंगी टॅब लावायला बसतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी सूची करावी, टॅब नंतर. कारण टॅब फक्त पान दाखवतो. कोणतं पान हवं, हे त्याला माहीत नसतं.

कोर्टात आपण ज्या नावांनी बोलतो, त्यातली कितीतरी नावं कायद्याच्या मथळ्यांत नसतात. अटकपूर्व जामीन घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 482 मध्ये आहे, पण मथळा अटकेची भीती असलेल्या व्यक्तीला जामीन देण्याच्या निदेशाचा आहे. तपास वेळेत संपला नाही म्हणून मिळणाऱ्या जामिनाला सगळे वकील ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. तो आहे कलम 187(3) मध्ये, आणि मथळा चोवीस तासांत तपास पूर्ण होऊ शकत नसेल तेव्हाच्या कार्यपद्धतीचा. साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत त्या मथळ्यावरून कुणाला कळणार? एफआयआर कलम 173 मध्ये ‘दखलपात्र गुन्ह्यांतील माहिती’ या नावाखाली बसलाय. मृत्युपूर्व जबानी साक्ष अधिनियमाच्या कलम 26 मध्ये आहे आणि तिचा मथळा मृत किंवा न सापडणाऱ्या व्यक्तीच्या कथनाविषयी आहे. एकाच विषयावर आधीचा दावा चालू असताना दुसरा दावा पुढे नेता येत नाही, याला आपण ‘रेस सब-ज्युडिस’ म्हणतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 10 चा मथळा नुसता ‘दावा स्थगित करणे’ असा आहे.

तेव्हा सूची करायची ती प्रश्नाच्या भाषेपासून कलमाकडे जाणारी. कोऱ्या वहीत डावीकडे लोक वापरतात तो शब्द, उजवीकडे कायदा आणि कलम. ‘चेक बाउन्स : गुन्हा 138, गृहीतक 139, कंपनीची जबाबदारी 141, तक्रारीची मुदत 142, तडजोड 147.’ एका विषयाची पाच टोकं पाच कलमांत विखुरलेली आहेत, हे अशा एका ओळीत दिसतं. छापील अनुक्रमणिकेत ते दिसत नाही. पेपर मराठीतून देणार असाल तर डावीकडे मराठी संज्ञाही हवी. पुनर्विलोकन आणि पुनरीक्षण हे दोन शब्द घाईत एकसारखे वाटतात. पहिलं दिवाणी संहितेच्या कलम 114 मध्ये, दुसरं लगेच 115 मध्ये. शक्यतो ज्या भाषेत पेपर, त्याच भाषेतलं किंवा द्विभाषिक पुस्तक बरोबर ठेवावं.

ही वही बार परीक्षेच्या हॉलमध्ये नेता येत नाही. तरी ती करायचीच, कारण टॅब कुठे लावायचे हे तीच सांगते आणि सरावात तीच डोक्यात बसते. एखाद्या लॉ कॉलेजच्या परीक्षेत स्वतःच्या टिपणांना परवानगी असेल, तर तिथे ती तशीच उपयोगी पडते.

आता टॅब. बेअर अ‍ॅक्टच्या छोट्या आवृत्तीची उंची साधारण वीस-बावीस सेंटिमीटर असते आणि टॅब सव्वा सेंटिमीटरचा धरला तर एकमेकांवर न चढता पंधरा-सोळाच बसतात. त्याहून जास्त लावले की ते एकमेकांना झाकतात आणि मग टॅबच शोधत बसावं लागतं. म्हणून एका पुस्तकाला पंधरापेक्षा जास्त टॅब लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. वरून खाली, पानांच्याच क्रमाने लावावेत. चार दिवसांच्या सरावात हाताला जागा कळते. जामीन खालच्या तिसऱ्या टॅबवर, हे न वाचता समजतं. कलम डाव्या पानावर सुरू होत असेल तर टॅब समोरच्या उजव्या पानाला चिकटवावा. टॅबच्या अलीकडे अंगठा घातला की हवं ते जोडपान उघडतं, आणि प्रत्येक टॅबला हाच नियम ठेवला की हात चुकत नाही. कागदी चिकटचिठ्ठ्या दोन दिवसांत गळतात. प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या टिकतात.

टॅबवर लिहायचं काय? फार तर कलमाचा किंवा प्रकरणाचा क्रमांक. ‘तक्रार = 15 दिवसांनंतर 1 महिना’ असं लिहिलेला टॅब म्हणजे टीप, आणि पर्यवेक्षकाने ती टीप धरली तर वाद घालायची सोय नाही. टॅब, अधोरेखन यांतलं काय चालेल हे त्या वर्षीच्या सूचनांत स्वतः वाचावं. सीनियरने सांगितलेलं दोन वर्षांपूर्वीचं असतं. शंका असेल तर कोरे टॅब लावावेत, जागेवरूनही काम भागतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेला मात्र वेगळी वागणूक लागते, कारण ती एका पुस्तकात दोन पुस्तकं आहे. पुढे कलमं, मागे पहिल्या अनुसूचीत एक्कावन्न आदेश. पुनर्विलोकनाचा अधिकार कलम 114 मध्ये, पण ते कोणत्या कारणांवर मागता येतं हे आदेश 47 मध्ये. प्रश्न बहुधा कारणांवर येतो. म्हणून कलमांना एका रंगाचे मोजके टॅब आणि आदेशांना दुसऱ्या रंगाचे. वादपत्र फेटाळणं (आदेश 7 नियम 11), एकतर्फी हुकूमनामा रद्द करणं (आदेश 9 नियम 13), तात्पुरता मनाई हुकूम (आदेश 39) एवढ्या जागा तरी हव्यातच. रंगांचा उपयोग इथे खरा आहे. प्रत्येक कायद्याला सात रंग वापरले की कोणता रंग कशाचा, हे आठवण्यातच वेळ जातो.

1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदे बदलले आणि जुन्या सवयीचा फटका इथे बसतो. फसवणूक म्हटलं की आजही ओठांवर ‘चारशे वीस’ येतं. भारतीय न्याय संहितेत एकूण कलमंच 358 आहेत; फसवणूक आता 318 मध्ये, खुनाची शिक्षा 103 मध्ये. सगळ्यात फसवा आकडा 482. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करून घ्यायचा तो मार्ग. नव्या संहितेत 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले 528 मध्ये. आकडा ओळखीचा वाटतो म्हणून पुस्तक न उघडता उत्तर दिलं की गुण गेलाच. अशा कलमांना टॅब द्यावा तो केवळ शोधण्यासाठी नव्हे, थांबून बघण्यासाठी.

निकालांचे संग्रह, ज्यांना केसबुक म्हणतात, ते बार परीक्षेत चालत नाहीत. काही विद्यापीठांच्या परीक्षांत ते नेता येतात, आणि तिथे बहुतेक जण निकालाच्या पहिल्या पानाला पक्षकारांच्या नावाचा टॅब लावतात. पक्षकारांची नावं शोधायला पुस्तकात निकालसूची असतेच. टॅब हवा तो तत्त्वाला, आणि तोही ज्या पानावर न्यायालयाने ते तत्त्व मांडलंय त्या पानाला. धोकादायक उद्योगातल्या अपघाताबद्दल प्रश्न आला तर ‘एम. सी. मेहता’ यापेक्षा ‘संपूर्ण दायित्व’ हा टॅब कामाचा. 1986 च्या त्या निकालात न्यायालयाने रायलंड्स विरुद्ध फ्लेचरमधल्या कडक दायित्वाचे अपवाद अशा उद्योगांना लागू होत नाहीत असं म्हटलं. तो परिच्छेद निकालात बराच आत आहे. शेजारी रायलंड्सचा टॅब त्याच रंगाचा ठेवावा, कारण प्रश्न या दोघांतला फरकच विचारतो.

सगळं लावून झालं की परीक्षा पुस्तकाची घ्यायची. घरातल्या कुणाच्या तरी हाती वही द्यावी आणि डावीकडचा शब्द मोठ्याने वाचायला सांगावा : ‘मृत्युपूर्व जबानी’. बोट योग्य ओळीवर पडेपर्यंत घड्याळ चालू. वीस सेकंदांच्या वर गेलं तर चूक तीनपैकी एक असते. कायदाच भलता उघडला, तर वहीतली नोंद कच्ची आहे. कायदा बरोबर पण अनुक्रमणिका उघडावी लागली, तर तिथे टॅब हवा. पान लगेच उघडलं पण पोटकलम सापडेना, तर ते कलम एकदा संथपणे वाचलेलंच नाही, आणि त्यावर टॅबचा इलाज नाही. उलट जे कलम न बघता सांगता येतं त्याचा टॅब काढून टाकावा.

पेपरच्या दिवशी पहिल्या फेरीत पुस्तक बंद. येणारी उत्तरं भरायची आणि शोधायच्या प्रश्नांपुढे कायद्याचं आद्याक्षर लिहायचं. दुसऱ्या फेरीत एकेका कायद्याचे प्रश्न सलग घ्यायचे, म्हणजे पुस्तकांची उचल-ठेव वाचते. शोधायचे प्रश्न चाळीस आणि प्रत्येकाला दीड मिनिट धरलं तरी तासाभरात काम होतं.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. संविधानाच्या मूलभूत संरचनेवर प्रश्न आला तर संविधानाचं पुस्तक कितीही चाळा, ते तत्त्व तिथे लिहिलेलं नाही. ते 1973 च्या केशवानंद भारती निकालातून आलंय. जनहित याचिकेच्या प्रश्नांतही बरंचसं निकालांवरच उभं आहे. असे विषय सूची करताना डावीकडे येतात आणि उजवीकडे लिहायला कलम सापडत नाही. त्या रिकाम्या जागांची वेगळी यादी करावी. परीक्षेआधीच्या आठवड्यात पाठ करायचं ते एवढंच.