गालिच्यावरील मेण आणि टीपकागद

वैशाखातील एका संध्याकाळी सांगलीतील एका घरात वीज गेली. तिपाईवर लावलेली लाल मेणबत्ती कलंडली आणि गालिच्यावर रुपयाएवढा डाग पडला. घाईघाईने तो फडक्याने पुसण्यात आला. चूक नेमकी येथेच झाली. डाग तळहाताएवढा पसरला आणि मेण तंतूंच्या मुळाशी उतरले.

सांडलेले मेण प्रथम गोठू द्यावे. साताऱ्याच्या हिवाळ्यात ते आपोआप कडक होते. सांगलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीजवळ असताना मात्र ते मऊच राहते. अशा वेळी बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दहा मिनिटे डागावर ठेवावेत. पिशवी आवश्यकच आहे. कारण गालिचा भिजला तर पुढे कागद मेणाऐवजी पाणीच शोषू लागतो. टणक झालेले मेण चमच्याच्या कडेने अलगद उचलावे. सुरीने तंतू तुटतात.

उरलेले मेण खरडून निघत नाही. त्यासाठी उष्णता हवी. साधे मेण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणून इस्त्री सर्वांत कमी तापमानावर, वाफ बंद ठेवून वापरावी. डागावर टीपकागद ठेवून त्यावरून इस्त्री काही सेकंदच फिरवावी. वितळलेले मेण कागद वर ओढून घेतो आणि त्यावर तेलकट ठिपका उमटतो. प्रत्येक वेळी कागदाचा कोरा भाग घ्यावा, अन्यथा तेच मेण पुन्हा गालिच्यात मुरते. नवा कागद कोराच राहिला, की मेण संपले असे समजावे. टीपकागद आता कचेऱ्यांतूनही दिसेनासा झाला आहे. त्याऐवजी कागदी रुमाल चालतो. वर्तमानपत्र मात्र नको, त्याची शाई उतरते.

सांगलीच्या त्या गालिच्यातून मेण निघाले, पण लालसर छटा राहिली. ती मेणाची नव्हे, रंगाची होती. पांढऱ्या कापडावर थोडे स्पिरिट घेऊन ती बाहेरून आत टिपावी लागली. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने इस्त्री दूर ठेवून, पंखा लावून आणि आधी गालिच्याच्या कोपऱ्यावर रंग जात नाही ना हे पाहूनच हे करावे. कृत्रिम धाग्याचा गालिचा असल्यास इस्त्रीऐवजी केस वाळवण्याचे यंत्र दुरून धरणे बरे. इस्त्री जरा अधिक तापली तरी तंतू वितळून चकाकतात आणि तो दोष कायमचा राहतो.

च्युइंगमचे गणित उलटे आहे. त्याचा चिवट गाभा रबरासारखा असतो. उष्णतेने तो मेणासारखा पातळ होऊन कागदात जात नाही, तर अधिक चिकट होऊन तंतूंना घट्ट धरतो. त्यावर पिशवीतील बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा आणि ठिसूळ होताच तुकडे पाडावेत. मध्येच ते मऊ पडले, तर ओढू नये. पुन्हा बर्फ ठेवावा. मागे राहिलेल्या चिकटपणावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून तो भाग साबणाच्या कोमट पाण्याने टिपावा. रेशीम व मखमल यांवर मात्र तेलही नको. ती वस्त्रे सरळ ड्रायक्लीनरकडे द्यावीत आणि डाग कशाचा, हे त्यास आवर्जून सांगावे.