घंटा झाली की निघायचं

अमेरिकेत टेनेसी राज्यात बेल बकल नावाचं छोटं गाव आहे. तिथे राहणाऱ्या गॅरी कँट्रेल यांनी, धावपटूंच्या भाषेत ‘लॅझरस लेक’ यांनी, आपल्या घरामागच्या जमिनीवर एक शर्यत सुरू केली. नियम अगदी साधा. ६.७०६ किलोमीटरची एक फेरी तासाभरात पूर्ण करायची आणि पुढच्या तासाचा ठोका पडला की पुन्हा निघायचं. शेवटी एकच जण उरेपर्यंत हे चालू राहतं. हीच बॅकयार्ड अल्ट्रा.

फेरीचा हा विचित्र आकडा आला तो २४ तासांत बरोबर १०० मैल व्हावेत म्हणून. त्यामुळे एकूण अंतराचा हिशेब तोंडी करता येतो, तास गुणिले ६.७०६. सहा तासांत ४० किलोमीटर, बारा तासांत साडेऐंशी, २४ तासांत १६१. तुम्ही कितीही जोरात पळा, यात एक मीटरचीही भर पडत नाही.

मग वेगाने मिळतं काय? फक्त बसायला वेळ. किलोमीटरला पावणेआठ मिनिटं लावली तर फेरी ५२ मिनिटांत होते आणि आठ मिनिटं उरतात. पण सुटण्याआधी तीन मिनिटं राहिली की तीन शिट्ट्या होतात, मग दोन, मग एक, आणि घंटेला रेषेमागच्या चौकटीत हजर असावंच लागतं. म्हणजे खुर्चीवर हातात आलेली पाच मिनिटं. त्यात मोजे बदला, बटाटा खा, बाटली भरा. किलोमीटरमागे एक मिनिट वाचवलं तर जवळपास सात मिनिटं जास्त मिळतात, पण पाय लवकर संपतात. शिवाय ही विश्रांती साठवता येत नाही. दिवसभरात आठ-आठ मिनिटं मिळून तीन तास भरतात खरे, पण सलग तासाची झोप त्यातून निघत नाही.

नुसतं चालून भागेल, असं नवख्याला वाटतं. पण साठ मिनिटांत फेरी पुरी करायला ताशी ६.७ किलोमीटरचा वेग लागतो, आणि तो झपाझप चालण्याच्याही पुढचा आहे. दुसऱ्या रात्री फेरीला ५६ मिनिटं लागू लागली की जाणकार ओळखतात, आता फार फेऱ्या उरल्या नाहीत. कारण अशा वेळी तहान-भूक भागवायलाच चार मिनिटं पुरत नाहीत.

२०१९ साली टेनेसीत मॅगी गुटर्ल आणि विल हेवर्ड यांनी ५९ फेऱ्या पूर्ण केल्या. साठावी फेरी हेवर्डना वेळेत जमली नाही, गुटर्लनी ती पूर्ण केली आणि त्या जिंकल्या. अंतर ४०२ किलोमीटर. २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फिल गोर यांनी ११९ फेऱ्यांचा, म्हणजे ७९८ किलोमीटरचा विक्रम केला.

मात्र विजेत्याला इतरांपेक्षा एकच फेरी जास्त धावता येते, त्यापुढे शर्यत थांबते. त्यामुळे गोर यांच्या ११९ फेऱ्यांमागे सॅम हार्वी यांच्या ११८ आहेत, आणि निकालाच्या नियमानुसार हार्वींच्या नावापुढे ‘शर्यत अपूर्ण’ अशीच नोंद होते.