‘त्यांना काय दर देता?’

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पंधरा-वीस माणसांचा मशीनशॉप चालवणाऱ्याचे ग्राहक बहुतेक वेळा एकमेकांचे स्पर्धक असतात. एकच सीएनसी लेथ सकाळी एका कंपनीचं बुश काढते आणि रात्रपाळीला दुसरीचं. त्यामुळे दर बोलणीत कधीतरी खरेदी विभागातले साहेब चहाचा कप खाली ठेवून सहज विचारतात, “शेठ, त्यांना काय दर देता?” किंवा “त्यांचं शेड्यूल कमी झालंय म्हणे, खरं का?”

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा निरुपद्रवी वाटतो, पण तो जास्त धोक्याचा आहे. वाहन उद्योगात ग्राहक दर महिन्याला किती नग हवेत याचं शेड्यूल पाठवतो. त्या आकड्यावरून कोणती गाडी खपते आहे आणि कोणती अडली आहे, हे जाणकाराला लगेच कळतं. नव्या भागाचे नमुने मंजुरीसाठी गेले एवढं कळलं, तरी नवं मॉडेल येत असल्याचा सुगावा लागतो. ही माहिती पुरवठादाराच्या हातात असते, पण ती त्याच्या मालकीची नसते.

अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून “मला कल्पना नाही” असं निघून जातं. माझ्या मते हे सगळ्यात वाईट उत्तर आहे. स्वतः बिल काढणाऱ्याला दर माहीत नाही, यावर समोरचा विश्वास ठेवत नाही. तो एवढंच ध्यानात ठेवतो की हा माणूस अडचणीत आला की खोटं बोलतो. मग उद्या तुम्ही “माल परवा निघेल” म्हणालात, तरी त्याला शंका येते. “तुमच्यापेक्षा कमी नाही हो” हे दुसरं नेहमीचं उत्तर. ते आपुलकीचं वाटतं, पण त्यात अर्धी माहिती देऊन झालेली असते.

मुरलेला खरेदीदार सरळ विचारत नाही, तो आकडा टाकतो. “त्यांना 68 ला देता असं ऐकलं.” खरा दर 74 असेल तर “छे, 68 ला कसं परवडेल?” असं पटकन तोंडातून जातं, आणि त्याला हवं ते मिळतं. समजा तुम्ही फक्त “नाही” म्हणालात. तो 71 म्हणतो, तुम्ही पुन्हा नाही म्हणता. तो 74 म्हणतो आणि आता तुम्ही गप्प बसता. त्या गप्प बसण्यानेच दर सांगितलेला असतो. म्हणून आकडा बरोबर असो, चुकीचा असो की अगदी हास्यास्पद असो, पहिल्या प्रश्नापासून उत्तर एकच हवं आणि तेही त्याच सुरात. एखादा खोटा आकडा नाकारलात की त्यानंतरचं प्रत्येक मौन बोलू लागतं.

ते एक वाक्य कसं असावं? मला हे योग्य वाटतं: “साहेब, एका पार्टीचा दर मी दुसऱ्या पार्टीला सांगत नाही. तुमचाही कुणाला सांगत नाही.” यातला दुसरा भाग सोडू नये. त्यामुळे नकार ऐकणाऱ्याला आपलंही काही इथे सुरक्षित आहे हे कळतं. गोपनीयता कराराचं कलम पहिल्याच वाक्यात पुढे करू नये. बोलणी चहाच्या टेबलावरून वकिलाच्या टेबलावर गेल्यासारखी वाटतात. कराराचा उल्लेख साहेब तिसऱ्यांदा अडून बसले, तरच करावा.

नकारावर थांबलात तर मात्र संबंध ताणले जातात, कारण प्रश्नामागची चिंता तशीच राहते. “त्यांना काय दर देता” असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आपल्याला जास्त लावला जातोय का, एवढंच जाणून घ्यायचं असतं. त्याला वरच्या साहेबांना उत्तर द्यायचं असतं. त्या चिंतेला उत्तर देणं तुमच्या हातात आहे, कारण त्याच्या स्वतःच्या भागाचा हिशेब त्याच्यापुढे मांडायला कुणाचीच आडकाठी नाही.

एक उदाहरण घेऊ. 40 मिलिमीटर व्यासाच्या सळईतून 62 मिलिमीटरचा तुकडा कापला, तर स्टीलचं वजन साधारण 610 ग्रॅम भरतं. स्टीलचा भाव किलोला 70 रुपये धरला, तर माल सुमारे 43 रुपयांचा. तयार बुश 380 ग्रॅमचं, म्हणजे 230 ग्रॅम बर निघते. तिला किलोला 28 रुपये मिळाले तर साडेसहा रुपये परत येतात. निव्वळ माल झाला 36 रुपयांच्या आसपास. दोन्ही सेटअप मिळून तीन मिनिटं लागतात आणि मशीनचा तासाचा दर 480 रुपये आहे, म्हणजे 24 रुपये. तपासणी, रिजेक्शन, पॅकिंग, वाहतूक आणि नफा मिळून 12 रुपये. एकूण 72. हा कागद पुढे सरकवला की चर्चा दुसऱ्याच्या दरावरून या तीन मिनिटांवर येते. साहेब म्हणू शकतात, “टूलिंग बदलून अडीच मिनिटांत बसवा.” त्यातून निघालेले चार रुपये खरे असतात, आणि त्यासाठी कुणाचं गुपित फोडावं लागत नाही.

हा हिशेब दाखवतानाही मर्यादा सांभाळावी लागते. एका मशीनवर दोनच ग्राहकांचं काम असेल आणि तुम्ही “मशीन साठ टक्के भरलेली आहे” म्हणालात, तर स्वतःचा वाटा वजा करून साहेब दुसऱ्याचं काम शोधून काढतात. अशा वेळी भरलेल्या क्षमतेबद्दल बोलू नये. “तुमच्यासाठी आठवड्याला अमुक पाळ्या राखून ठेवतो, लेखी देतो” असं सांगावं. पुरवठा अडेल ही त्याची भीती तेवढ्याने मिटते.

तोंडाइतकंच शॉपफ्लोअरही बोलतं. साहेब पाहणीला येतात तेव्हा बिनवर दुसऱ्या कंपनीचं लेबल असतं, मशीनला तिचं ड्रॉइंग चिकटवलेलं असतं, डिस्पॅचच्या फळ्यावर पार्टीचं नाव आणि नग लिहिलेले असतात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कंपनी, भाग आणि बदलाची तारीख सगळंच असतं. फळ्यावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लिहावेत आणि पाहणीच्या आधी ड्रॉइंग फाइलमध्ये जावीत. शॉपचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकण्याआधी मागे काय दिसतंय ते बघावं. सुपरवायझरलाही तेच एक वाक्य शिकवून ठेवावं, कारण मालकाकडून उत्तर मिळालं नाही की प्रश्न त्याच्याकडे जातो.

कधी ऑर्डरच तोलाला लावली जाते: सांगा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. ते कधीकधी खरोखर जातं, आणि याला कुठलीही युक्ती लागू पडत नाही. पण सांगितल्याची किंमतही मोजून ठेवावी. पहिल्या ग्राहकाला कळलं तर करारभंग होतोच. शिवाय स्पर्धकांच्या संगनमताला हातभार लावणारा स्वतः त्या धंद्यातला नसला, तरी त्यालाही संगनमतात धरता येईल, अशी तरतूद 2002च्या स्पर्धा कायद्यात 2023च्या दुरुस्तीने आली आहे. दोन स्पर्धकांच्या मध्ये उभं राहून इकडचे दर तिकडे नेणाऱ्याने तरी ही तरतूद डोळ्यांआड करू नये.

आता खरेदी विभागात बसणाऱ्यांना एक विनंती. पुरवठादाराला दुसऱ्याचा दर विचारू नका, तुमच्याच भागाचा खर्चाचा तपशील मागा. जो तुम्हाला त्यांचा दर सांगेल, तो तुमचाही त्यांना सांगेल.