हातच्याला थांबवून ठेवणारा गुणाकार

दोन ३२-बिट संख्यांचा गुणाकार करताना प्रोसेसरला पाढे लागत नाहीत. प्रत्येक बिट ० किंवा १, म्हणून शाळेतल्या गुणाकारातली प्रत्येक ओळ म्हणजे एकतर मूळ संख्या, नाहीतर नुसती शून्ये. एकेक घर डावीकडे सरकलेल्या अशा ३२ ओळी एका झटक्यात तयार होतात. खरा वेळ जातो तो त्यांची बेरीज करण्यात.

कारण हातचा. उजवीकडून निघालेला हातचा घराघरांतून डावीकडे पोचेपर्यंत शेवटचे उत्तर अडून राहते. ३२ ओळींसाठी ही वाट ३१ वेळा पाहणे परवडत नाही.

‘कॅरी-सेव्ह अ‍ॅडर’ हातच्याला पुढे पाठवतच नाही. तो तीन ओळी घेतो आणि दोन परत देतो: एक घराघरांतल्या उरलेल्या अंकांची, दुसरी हातच्यांची. ७, ६ आणि ५ घ्या, म्हणजे १११, ११० आणि १०१. प्रत्येक घरातला उरलेला अंक लिहिला की १०० मिळतात, म्हणजे ४. हातचे तिन्ही घरांत आहेत, १११. पण हातचा डावीकडच्या घराचा, म्हणून ती ओळ १११० होते, म्हणजे १४. चार आणि चौदा, अठरा. हे सरकवणे विसरले तर उत्तर ११ येते, आणि नवख्याच्या आराखड्यात चूक बहुधा इथेच सापडते. कोणतेही घर शेजाऱ्यासाठी थांबत नाही, त्यामुळे ओळ कितीही लांब असली तरी वेळ तेवढाच.

असे अ‍ॅडर एकामागून एक लावले तर ३२ ओळींना ३० पायऱ्या लागतात. ऑस्ट्रेलियाचे ख्रिस वॉलेस यांनी १९६४ साली सुचवले, की सगळ्या ओळींचे तिनाचे गट एकाच वेळी आटवावेत. ३२ मधून दहा गट निघतात, दोन ओळी उरतात. दहा गटांच्या वीस आणि त्या दोन मिळून २२. पुढे १५, १०, ७, ५, ४, ३, २. एकूण आठ पायऱ्या. गंमत म्हणजे अ‍ॅडर इथेही तीसच लागतात. प्रत्येक अ‍ॅडर एकच ओळ कमी करतो. मांडणी बदलली, सामान तेच.

दर पायरीला ओळी दोन-तृतीयांश उरतात, असे धरून सूत्राने मोजणाऱ्याला मात्र ३२ साठी सातच पायऱ्या मिळतात. तिनाच्या गटात न बसलेल्या ओळी तशाच खाली येतात, हे सूत्राला दिसत नाही. इटलीच्या लुइजी दादा यांनी १९६५ साली उलटीकडून मोजले: दोनपासून सुरुवात, दर वेळी दीडपट, अपूर्णांक सोडायचा. २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४२. सात पायऱ्यांत फार तर २८ ओळी आटतात. ३२ त्यापुढे, म्हणून आठ. १६-बिटला सहा, ६४-बिटला दहा. रुंदी चौपट झाली, पायऱ्या चारच वाढल्या.

शेवटी उरलेल्या दोन ओळींसाठी हातच्याला धावू द्यावेच लागते, पण एकदाच. तिथे वेगळा, जलद अ‍ॅडर बसवतात. वॉलेसच्या झाडाची खरी किंमत तारांत मोजावी लागते: गट वेडेवाकडे जुळतात, जोडण्या लांबच लांब होतात, आणि कागदावर वाचलेल्या वेळातला काही भाग त्या तारा परत घेतात.