भाषांतराआड लपलेली नक्कल

समजा, भूगोलाचा एक विद्यार्थी क्राकाटोआ ज्वालामुखीवर मराठीत प्रकल्प लिहितो आहे. इंग्रजी पुस्तकातल्या एका परिच्छेदात आठ वाक्ये आहेत. 27 ऑगस्ट 1883चा स्फोट, जवळपास 3,000 मैलांवरच्या रॉड्रिग्ज बेटापर्यंत पोहोचलेला आवाज, मग त्सुनामीच्या लाटा, 36,000हून अधिक मृत्यू आणि शेवटी जगभर दिसलेले लालभडक सूर्यास्त. विद्यार्थी ही आठही वाक्ये मराठीत उतरवतो आणि प्रकल्प तपासणीला देतो. साम्य किती? नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या अहवालात बहुधा शून्य.

याचे कारण साधे आहे. असे सॉफ्टवेअर मजकुराचे सलग काही शब्दांचे छोटे तुकडे पाडते आणि तेच तुकडे आपल्या साठ्यात कुठे सापडतात का, ते पाहते. देवनागरीतला तुकडा रोमन लिपीतल्या मजकुराशी जुळणार कसा? म्हणून शून्य टक्क्यांचा अर्थ ‘लेखन स्वतःचे आहे’ असा होत नाही. ‘हे शब्द याच रूपात साठ्यात नाहीत’ एवढाच होतो. मार्गदर्शकांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण मराठी प्रबंधांच्या बाबतीत तो सर्रास विसरला जातो.

पण भाषेची ही भिंत ओलांडण्याची पद्धत जुनीच आहे. 2011मध्ये भारतीय भाषांतील माहितीशोधावर काम करणाऱ्या ‘फायर’ या संशोधन-मंचाने एक स्पर्धा घेतली. हिंदी मजकूर इंग्रजी विकिपीडियातल्या कोणत्या लेखावरून घेतला आहे, हे संगणकाने ओळखायचे होते. संशयित मजकूर आधी यंत्राने इंग्रजीत आणायचा आणि मग तुलना करायची, ही वाट तेव्हाच उपयोगी ठरली. आता वाक्याच्या अर्थाचे आकड्यांत रूपांतर करणारी बहुभाषिक प्रारूपेही आहेत. गूगलचे 2020मधले ‘लाबसे’ 109 भाषा हाताळते आणि त्यांत मराठी आहे. ‘आवाज रॉड्रिग्जपर्यंत ऐकू गेला’ हे मराठी वाक्य आणि त्याचे इंग्रजी मूळ या आकड्यांमध्ये एकमेकांजवळ येतात.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. त्याच घटनेवर दोघांनी स्वतंत्रपणे लिहिले, तरी त्यांची वाक्येही जवळच येणार. तारीख, बेटाचे नाव, मृतांचा आकडा ही कोणा एकाची मालमत्ता नाही. त्यामुळे एकट्या वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. यंत्राला साम्याची पातळी सैल ठेवली तर निर्दोष विद्यार्थी अडकतो आणि कडक ठेवली तर मोकळे भाषांतर निसटते. शिवाय मूळ पुस्तक साठ्यातच नसेल, तर कितीही हुशार यंत्र काय शोधणार?

नक्कल उघडी पडते ती क्रमातून. हजारो गोष्टींतून नेमक्या त्याच आठ निवडल्या, त्याच ओळीने मांडल्या, आवाजानंतर लाटा आणि लाटांनंतर सूर्यास्त असेच वळण घेतले, तर तो योगायोग राहत नाही. जाणकार परीक्षक आणखी काही खुणा पाहतो. बाकी प्रकल्पात किलोमीटर असताना इथेच ‘मैल’ का? मूळ पुस्तकातली एखादी चूक जशीच्या तशी इथेही कशी? आणि तोंडी परीक्षेत तो एकच प्रश्न विचारतो: हा आकडा कुठे वाचला?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे ती दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे, अशी. कोणत्या भाषेतून घेतले, याला तिथे महत्त्व नाही. पदवी मिळून गेल्यावर चोरी सिद्ध झाली, तरी ती पदवी काही काळ स्थगित ठेवण्याची तरतूद आहे. प्रबंध ‘शोधगंगा’वर सर्वांना खुला असतो, आज न सापडलेले साम्य उद्याची यंत्रे किंवा उद्याचा एखादा वाचक शोधू शकतो. एवढी टांगती तलवार कशासाठी? याच नियमांनुसार श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्याच्या मोजणीतून वगळला जातो.

ते श्रेय देण्याचे काम दोन मिनिटांचे आहे. वाचतानाच वहीत लेखक, पुस्तक, वर्ष आणि पान टिपायचे. नेमकी वाक्ये घेतली तर ती अवतरणचिन्हांत ठेवून तळटीपेत हा तपशील आणि ‘मराठी अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ एवढी ओळ द्यायची. परिच्छेदाचा आशय आपल्या शब्दांत सांगितला, तर अवतरणचिन्हे नकोत. पण ही मांडणी कोणाची, हे पहिल्याच वाक्यात यावे. आकडा दुय्यम पुस्तकातून घेतला असेल, तर त्याच पुस्तकाचे नाव द्यावे. न पाहिलेल्या मूळ अहवालाचे नव्हे.

संपूर्ण प्रकरण किंवा लेख मराठीत आणायचा असेल, तर मात्र तळटीप पुरत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा हक्क स्वामित्वधारकाचा असतो. तिथे आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते.