वीस मिनिटं आणि तीन प्रश्न

“मी तुमच्याच कॉलेजची. मला ॲक्चुअरी व्हायचं आहे, कृपया मार्गदर्शन करा.” असा निरोप मिळालेल्या माजी विद्यार्थिनीला उत्तर द्यायची इच्छा असली, तरी सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. मग उत्तर उद्यावर जातं आणि राहून जातं.

ॲक्चुअरी म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ. पॉलिसीचा हप्ता किती असावा, पुढच्या दाव्यांसाठी किती रक्कम राखून ठेवावी, हे त्याच्या हिशेबावर ठरतं. प्रवेश परीक्षा, पेपर, शुल्क ही माहिती ‘इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडिया’च्या संकेतस्थळावर आहे. तीच कुणाला विचारली, की विचारणाऱ्याने काही वाचलेलं नाही हे लगेच उघड होतं. विचारायचं ते संकेतस्थळावर न सापडणारं.

समजा, पुण्यात संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीला लिंक्डइनवर कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची यादी चाळताना मुंबईच्या एका विमा कंपनीतल्या मॅडम सापडल्या. आधी आयुर्विमा, आता वाहनविमा, असा त्यांचा प्रवास तिथे दिसतो. तिचं पत्र असं होऊ शकतं:

“नमस्कार मॅडम. मी आपल्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रवेश परीक्षेची तयारी सुरू आहे. तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. गेल्या आठवड्यात तुमचा किती वेळ आकडेमोडीत गेला आणि किती इतरांना ती समजावण्यात? तुमच्या गटात नवख्याला घेताना उत्तीर्ण झालेले पेपर जास्त मोलाचे ठरतात की प्रोग्रॅमिंग? आयुर्विम्यातून वाहनविम्यात आल्यावर काय नव्याने शिकावं लागलं? फोनवर वीस मिनिटं मिळतील का? बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी सातनंतर मी कधीही मोकळी आहे.”

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कसदार आहे. तो फक्त याच मॅडमना विचारता येतो आणि त्यांचा प्रवास नीट वाचला आहे हे त्यातून दिसतं. पहिल्या प्रश्नात ‘गेल्या आठवड्यात’ हे शब्द मुद्दाम आहेत. “काम कसं असतं?” म्हटलं की “छान असतं, आव्हानात्मक असतं” असं गुळमुळीत उत्तर येतं, ठरावीक आठवडा विचारला की बैठका, अहवाल, रखडलेली माहिती असं खरं काम समोर येतं.

पत्राला बायोडेटा जोडलेला नाही, नोकरीचा विषयही नाही. अमेरिकेत रिचर्ड बोल्स यांच्या १९७० मध्ये निघालेल्या ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’ या पुस्तकाने अशा भेटी लोकप्रिय केल्या. त्यात माहिती विचारणं आणि नोकरी मागणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं महत्त्वाचं. माहितीच्या नावाखाली बोलावून नोकरीचा विषय काढला, तर समोरचा माणूस दुखावतो.

उत्तर आलं नाही, तर आठ-दहा दिवसांनी एकच आठवण करावी. फोन झाला, तर विसाव्या मिनिटाला “वेळ झाली, थांबू का?” असं मुलीनेच विचारावं. मॅडमचा अनुभव एका कंपनीचा, एका गटाचा असतो. म्हणून प्रोग्रॅमिंगचा प्रश्न तिने दुसऱ्या कंपनीतल्या माजी विद्यार्थ्यालाही विचारावा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर तिसऱ्या फोनचा प्रश्न तिथेच मिळतो.